पोटगी थकली म्हणून मुलांची भेट बंद करू नका

मे महिन्याची सुट्टी संपली की माझ्याकडे पोटगी आणि ताब्याचे प्रश्न वाढतात, आणि दरवर्षी तेच गैरसमज, कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलेले तर कुणी शेजारणीकडून ऐकलेले. म्हणून निवडक प्रश्नांची उत्तरं इथे देतेय. नाव-गाव काढलंय.

प्रश्न : मुलगा पाच वर्षांचा झाला की कोर्ट त्याला बापाकडे देतं असं सासूबाई सांगतात. खरं आहे का?

नाही. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्यात एवढंच आहे की पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईजवळ असावं, पाचव्या वाढदिवसाला मूल बापाकडे जातं असं कुठेही नाही. त्याच कायद्याचं कलम 13 सांगतं की पालक ठरवताना मुलाचं हित सगळ्यात वर, आणि ते पाचच्या आधीही लागू आहे, नंतरही.

प्रश्न : पोटगी पगाराच्या 25 टक्के फिक्स असते ना? माझे मिस्टर बिझनेस करतात, रिटर्नमध्ये काहीच दाखवत नाहीत.

फिक्स काही नाही. सुप्रीम कोर्टाने 2017 मध्ये एका केसमध्ये त्या केसपुरता 25 टक्के हा आकडा योग्य मानला आणि तेव्हापासून तो सगळीकडे फिरतोय. 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानंतर दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता, कर्ज, खर्च सगळं ऍफिडेविटवर सांगावं लागतं, आणि पोटगी सहसा अर्ज केल्याच्या तारखेपासून मिळते. त्यामुळे "कमाई नाही" म्हणणारा गाडीचा हप्ता, मुलाची इंटरनॅशनल स्कूलची फी, क्रेडिट कार्डचं बिल कुठून भरतो, हे दाखवणारे कागद जमवा, अंदाज सांगू नका. आणि ठरावीक टक्केवारीची गॅरंटी देऊन आधी पैसे मागणाऱ्या एजंटला दारातही उभं करू नका, अशी गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही. वकिलाची फी परवडत नसेल तर कोर्टातल्याच विधी सेवा कार्यालयात जा, महिलांना मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही.

प्रश्न : मुलीच्या नावाने महिन्याला 15 हजारांची ऑर्डर झाली होती, दर 10 तारखेला द्यायचे. मार्च 2024 पासून नवऱ्याने एक पैसा दिला नाही. मीही मुलीला भेटायला पाठवणं बंद केलंय, पैसे दे मग भेट. बरोबर केलं ना?

नाही ताई, आणि हे मी जरा लांबलचक सांगणार आहे कारण याच चुकीने चांगल्या केसेस बिघडताना मी बघते.

पोटगी हा मुलीचा हक्क आहे आणि बापाला भेटणं हाही मुलीचाच हक्क आहे. एकाच्या बदल्यात दुसरा अडवता येत नाही. बाप पैसे बुडवतो म्हणून त्याची भेट आपोआप संपत नाही, आणि तुम्ही भेट अडवता म्हणून त्याला पोटगी थांबवता येत नाही. पण भेटीची ऑर्डर असताना तुम्ही मुलीला पाठवत नसाल तर तो बुडवलेल्या शनिवार-रविवारची भरपाई मागतो, अवमानाचा अर्ज टाकतो, पुढे जाऊन ताबाच बदलून मागतो, आणि कालपर्यंत ज्या फाईलमध्ये फक्त त्याची थकबाकी होती तिथे आता तुमची चूक पहिल्या पानावर येते.

कोर्ट मुलाचं हित कसं बघतं हे नीट समजून घ्या. जज फक्त कोण जास्त कमावतं ते बघत नाहीत. शाळेत सोडायला कोण जातं, ताप आला की रात्री कोण जागतं, भावंडं एकत्र राहतील का, शाळा-घर बदलावं लागेल का हे बघतात. काउन्सेलर आई-बाबांशी आणि मुलाशी बोलून रिपोर्ट देतात, मूल समजण्याइतकं मोठं असेल तर जज त्याच्याशी चेंबरमध्ये एकटं बोलतात. आणि एक गोष्ट नक्की बघतात, मुलाने दुसऱ्या पालकावर प्रेम करावं यासाठी हा पालक जागा ठेवतो का. आठ वर्षांची मुलगी "पप्पा मेंटेनन्स देत नाहीत" असं म्हणाली की ते वाक्य तिचं नाही हे काउन्सेलरला लगेच कळतं.

आता पैशांचं. तुमची ऑर्डर कुठल्या कलमाखाली आहे ते आधी बघा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 125, म्हणजे आताच्या नव्या संहितेचं, बीएनएसएसचं, कलम 144 असेल, तर थकलेल्या रकमेचं वॉरंट मिळण्यासाठी प्रत्येक हप्ता देय झाल्यापासून एका वर्षात अर्ज करावा लागतो. ही अट बहुतेकांना माहीतच नसते. समजा तुम्ही 20 जुलै 2025 ला अर्ज केलात. मार्च 2024 ते जुलै 2025 असे एकूण 17 हप्ते थकले, म्हणजे 2 लाख 55 हजार. यातले मार्च ते जुलै 2024 चे पाच हप्ते वर्षाबाहेर गेले, म्हणजे 75 हजारांचं वॉरंट या मार्गाने मिळणार नाही. उरले बारा हप्ते, 1 लाख 80 हजार. आणखी एक महिना थांबलात तर अजून 15 हजार निसटतात. तुम्ही मुलीची भेट अडवून बसलात तेवढ्या काळात हा अर्ज करायला हवा होता.

अर्ज केल्यावर कोर्ट वसुलीचं वॉरंट काढू शकतं, तरीही नाही दिले तर थकलेल्या महिन्यांसाठी एक महिन्यापर्यंत कैद देऊ शकतं. आणि तुरुंगात जाऊन आलो म्हणजे फिटलं असं तो म्हणेल, तर ते चूक आहे, कैद भोगली तरी देणं तसंच राहतं. ऑर्डर हिंदू विवाह कायद्याच्या कलम 24 खाली असेल तर वसुलीची पद्धत वेगळी, त्यामुळे ऑर्डरची कॉपी घेऊन याच आठवड्यात वकिलाकडे जा, पुढच्या तारखेची वाट बघू नका.

भेटीत खरंच धोका असेल, तो दारू पिऊन येतो, मारहाण करतो, तर स्वतःच दार बंद करू नका. तारीख-वार, मेसेज, डॉक्टरांचे कागद जोडून अर्ज करा आणि देखरेखीखालची भेट मागा. बांद्र्याच्या फॅमिली कोर्टात मुलांसाठी वेगळी जागा आहे, तिथे अशी भेट होऊ शकते. धोका नसेल तर येत्या शनिवारी मुलीला पाठवा.

प्रश्न : मी 45 हजार कमावते. मुलासाठी पोटगी मागता येईल?

येईल. मुलाचा खर्च दोघांनी आपापल्या कमाईच्या प्रमाणात उचलायचा असतो. शाळा, ट्यूशन, औषधं, भाडं यांचा महिन्याचा हिशोब बिलांसकट तयार ठेवा.

प्रश्न : म्युच्युअल डिव्होर्सच्या कन्सेंट टर्म्समध्ये मी मुलाची पोटगी सोडली होती. आता फी परवडत नाही.

मुलाचा हक्क आईला सोडून देता येत नाही, त्यामुळे मागता येते. टर्म्सची कॉपी मात्र आधी वकिलाला दाखवा, त्यात एकरकमी पैसे घेतले असतील तर समोरचा त्यावरच बोट ठेवेल.

प्रश्न : मिस्टर वारले. सासरे म्हणतात, आता नातवाचे गार्डियन आम्ही.

हिंदू कायद्यात वडिलांनंतर आईच नैसर्गिक पालक आहे, त्यासाठी कोर्टात जायची गरज नाही. पण फ्लॅटमध्ये मुलाचा हिस्सा असेल आणि तो विकायचा असेल तर आधी कोर्टाची परवानगी लागते, बिल्डर किंवा ब्रोकर काहीही सांगो, परवानगीशिवाय सही करू नका. तुम्ही दुसऱ्या धर्माच्या असाल तर पर्सनल लॉ वेगळा लागतो, तेव्हा वकिलाला विचारूनच पुढचं पाऊल टाका.