एआरआर सारखाच, मग एनपीव्ही वेगळा का?

प्रश्न: "सरांनी दोन मशिनींचं गणित दिलं. दोन्ही 12 लाखांच्या, आयुष्य 4 वर्षं, भंगार किंमत शून्य. अ मशीन दर वर्षी 6, 5, 4, 3 लाख रोख देते आणि ब मशीन 3, 4, 5, 6 लाख. दोन्हींचा एआरआर 25% येतो, पण 18% दराने एनपीव्ही काढला तर अ घ्या, ब नको असं उत्तर येतं. एआरआर वेळ बघत नाही म्हणे. पण चारही वर्षांचे आकडे घेऊनच तर सरासरी काढली ना?"

एआरआर म्हणजे गुंतवणुकीवर सरासरी किती टक्के नफा मिळतो ते, आणि एनपीव्ही म्हणजे पुढे मिळणाऱ्या रकमांची आजची किंमत वजा खर्च. एआरआरमध्ये आकडे चारही वर्षांचे घेतले हे खरं, पण ते कोणत्या वर्षाचे हे बेरीज करतानाच हरवलं. कसं ते पाहू. 12 लाखांची मशीन 4 वर्षांत संपते, म्हणजे सरळ रेषा पद्धतीने घसारा वर्षाला 3 लाख. रोख रकमेतून तो वजा केला की अ मशीनचा नफा 3, 2, 1, 0 लाख आणि ब मशीनचा 0, 1, 2, 3 लाख. दोन्हींची बेरीज 6 लाख, सरासरी दीड लाख. सरासरी गुंतवणूक 12 लाखांच्या निम्मी, म्हणजे 6 लाख. दीड भागिले सहा, 25%. ब चे आकडे म्हणजे अ चेच आकडे उलटे मांडलेले. बेरजेला क्रमाने काही फरक पडत नाही, म्हणून सरासरीलाही पडत नाही. सगळे 6 लाख शेवटच्या वर्षात आले असते तरी उत्तर 25% च.

आता त्या क्रमाला किंमत किती, ते थेट मोजू. अ मधून ब वजा करा. पहिल्या वर्षी अ मशीन 3 लाख जास्त देते, दुसऱ्या वर्षी 1 लाख जास्त, तिसऱ्या वर्षी 1 लाख कमी आणि चौथ्या वर्षी 3 लाख कमी. म्हणजे ब मशीन घेणारा माणूस 3 लाख रुपये तीन वर्षं आणि 1 लाख रुपये एक वर्ष बिनव्याजी अडकवून ठेवतो. पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना धरा. अ मशीन हातात असलेल्या ऑर्डरी लगेच काढते, तर ब मशीनच्या छापील खोक्यांना गिऱ्हाईक जमायला दोन वर्षं लागतात. त्या काळात कारखान्याचं कॅश क्रेडिट खातं वापरात असतं आणि बँक रोजच्या बाकीवर व्याज लावते. अ मशीनमधून लवकर आलेले 3 लाख त्या खात्यात भरले की व्याज तिथेच कमी होतं. 18% दराने 3 लाखांवर तीन वर्षांचं चक्रवाढ व्याज सुमारे 1 लाख 93 हजार होतं. एआरआरच्या हिशेबात ही रक्कम कुठेच दिसत नाही.

एनपीव्ही नेमकी तीच धरतो. 18% दर म्हणजे वर्षाने मिळणारा 1 लाख आज सुमारे 84,750 रुपयांइतका, आणि चार वर्षांनी मिळणारा फक्त 51,600 रुपयांइतका. (हे महागाईमुळे नव्हे. भाव अजिबात वाढले नाहीत तरी पैसा दुसरीकडे कमावू शकला असता, किंवा कर्ज फेडू शकला असता, म्हणून.) अ मशीनचे चार हप्ते असे आजच्या किमतीत आणले तर 5.08, 3.59, 2.43 आणि 1.55 लाख होतात. त्यांची बेरीज सुमारे 12.66 लाख, खर्च 12 लाख, म्हणजे एनपीव्ही सुमारे अधिक 65,800 रुपये. ब मशीनचे हप्ते 2.54, 2.87, 3.04 आणि 3.09 लाख. त्यांची बेरीज 11.55 लाखच, म्हणजे सुमारे 44,700 रुपये उणे. दोघांमधला सुमारे 1 लाख 10 हजारांचा फरक म्हणजे त्या अडकलेल्या पैशाचंच व्याज, आजच्या किमतीत मोजलेलं.

इथे बरेच जण विचारतात: एआरआर 25%, भांडवलाचा खर्च 18%, मग ब तोट्यात कशी? कारण ते 25% आणि हे 18% एका जातीचे आकडेच नाहीत. 18% हा राहिलेल्या मुद्दलावर दर वर्षी द्यावा लागणारा दर आहे, तर 25% हे फक्त एका सरासरीला दुसऱ्या सरासरीने भागलेलं गुणोत्तर. भाजकात 6 लाखांऐवजी सुरुवातीचे 12 लाख घेतले (काही पुस्तकं घेतात) तर तीच मशीन 12.5% दाखवते. एका व्याख्येने 18% च्या वर, दुसरीने खाली. म्हणून परीक्षेत कोणती गुंतवणूक धरली ते लिहिल्याशिवाय एआरआरचं उत्तर अर्धवटच राहतं. चक्रवाढीने मोजलेला खरा परतावा, म्हणजे आयआरआर, अ चा सुमारे 21% आणि ब चा सुमारे 16% आहे. दोन्ही 25% च्या बरेच खाली.

वेळ हरवण्याची दुसरी जागा घसारा आहे, आणि ती सहसा कुणी दाखवत नाही. 12 लाख मशीन येताना एकदम गेले. वहीत मात्र ते दर वर्षी 3 लाख असे चार वर्षांत जाताना दिसतात. म्हणजे एआरआर येणाऱ्या पैशाची वेळ तर विसरतोच, जाणाऱ्या पैशाचीही वेळ पुढे ढकलतो. म्हणून एनपीव्हीमध्ये नफा घेऊन चालत नाही, घसारा वजा करण्याआधीची रोख रक्कमच घ्यायची. नफ्यालाच 18% दराने आजच्या किमतीत आणलं आणि वर 12 लाखही वजा केले, तर तोच खर्च दोनदा धरला जातो. उत्तरपत्रिकांत ही चूक नेहमी दिसते. (करामुळे घसाऱ्याचा रोख रकमेवर परिणाम होतो, पण तुमच्या गणितात कर नाही, म्हणून तो सोडला.) उधारीचंही असंच. बिल फाडलं की वहीत विक्री लागते आणि नफा दिसतो, पण गिऱ्हाईक पैसे देणार 90 दिवसांनी. एनपीव्ही ते पैसे खात्यात जमा होतील तेव्हाच मोजतो.

मग एआरआर शिकवतात कशाला? ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रकातल्या आकड्यांवरून तो लगेच निघतो, आणि या प्रकल्पामुळे पुढच्या वर्षांचे हिशेब कसे दिसतील हे त्यातून कळतं. त्यासाठी तो बरा आहे. दोन मशिनींतून एक निवडायला मात्र नाही. आणि एक लक्षात ठेवा, एनपीव्हीचं उत्तरही दरावर अवलंबून असतं. याच गणितात 12% दर धरला तर ब चा एनपीव्ही सुमारे अधिक 1 लाख 24 हजार येतो, म्हणजे ब सुद्धा घेण्यासारखी ठरते, जरी अ तेव्हाही 2 लाख 10 हजारांसह पुढे असते. म्हणून 18% कुठून आला, हे सरांना जरूर विचारा.

एक्सेलमध्ये पडताळताना B1 मध्ये -12 आणि B2 ते B5 मध्ये अ चे आकडे भरा, आणि सूत्र असं लिहा:

```
=NPV(18%,B2:B5)+B1
```

उत्तर 0.66 लाख आलं पाहिजे. 0.56 आलं, तर B1 सुद्धा कंसातल्या रेंजमध्ये गेलं आहे. एक्सेलचं हे फंक्शन पहिली रक्कम एका वर्षानंतरची धरतं, त्यामुळे आज दिलेले 12 लाखही वर्षभर पुढे सरकतात.