दंत तपासणी शिबिरासाठी दात घासण्याची कविता, आणि ती मुलांकडून कशी म्हणवून घ्यायची

प्रश्न: खानापूर तालुक्यातल्या आमच्या मराठी शाळेत पुढच्या आठवड्यात दंत तपासणी शिबिर आहे. पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी दिवसातून दोनदा दात घासण्यावर एक छोटी कविता हवी आहे. कुणी देईल का?

उत्तर: मी निपाणी भागात शिक्षिका आहे. आमच्याकडेही अशी शिबिरं होतात आणि दर वेळी कविता शोधायची धावपळ होते. हाती येणाऱ्या बहुतेक कवितांत "सकाळी उठू, खसाखसा घासू, मोत्यासारखे दात चमकवू" असंच असतं. त्यातल्या तीन गोष्टी मला खटकतात, म्हणून मी स्वतःच लिहिते.

पहिली गोष्ट, त्यात रात्र नसते. सकाळी घासायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे, राहतं ते रात्रीचं. झोपेत लाळ कमी सुटते. दिवसा तोंडातलं आम्ल धुऊन काढायचं काम लाळच करते. रात्री गोड खाऊन मूल तसंच झोपलं, तर जंतूंना ते गोड आणि निवांत वेळ दोन्ही मिळतात, आणि त्यांनी केलेलं आम्ल सकाळपर्यंत दाताला लागून राहतं. म्हणून मी रात्रीचं कडवं आधी ठेवते, सकाळ शेवटी.

दुसरी गोष्ट "खसाखसा". हा शब्द मुलांना इतका आवडतो की ती खरोखर भांडी घासल्यासारखा ब्रश आडवा ओढतात. त्यानं हिरडी सोलते, आणि हिरडी जिथे दाताला भेटते ती रेघ, जिथे मळ साठतो, तशीच राहते.

तिसरी म्हणजे मोती. दुसरी-तिसरीच्या मुलांचे समोरचे नवे दात बघा. शेजारच्या दुधाच्या दातांपुढे ते पिवळसर दिसतात. ते मळलेले नसतात, कायमच्या दाताचा रंगच तसा असतो. कवितेनं मोत्यांचं आश्वासन दिलं की मूल आरशात बघून तो पिवळेपणा घासून काढायच्या मागे लागतं. तेव्हा मोती नकोतच.

ही घ्या माझी कविता. शिबिरात वापरायला पूर्ण मोकळी आहे.

जेवण झालं, भांडी झाली,
अंथरुणावर आजी आली;
ब्रश केल्याविण झोप कशाची?
झाका वाटी त्या कुंद्याची!

एक वटाणा पेस्ट पुरेशी,
कोपऱ्यात जा दाढेपाशी;
गोल गोल अन् हळूच फिरवू,
हिरडीवरही थोडा मिरवू.

वरती उजवी, वरती डावी,
खालीसुद्धा तशी करावी;
दोन दात घे, मग घे दोन,
सुटून गेला सांगा कोण?

पडला नाही दात कुठेही,
मागे आली दाढ तरीही;
दुधाची नव्हे, ती जन्माची,
तिचीच बारी आधी ब्रशची!

फेस थुंकला जेव्हा सारा,
चुळा कशाला हव्यात बारा?
रात्री घासू, पुन्हा सकाळी,
दोन वेळची ही रांगोळी!

चौथं कडवं वाचून काही शिक्षक विचारतात, "हे मध्येच काय?" माझ्या मते कवितेतलं सगळ्यात कामाचं कडवं तेच. साधारण सहाव्या वर्षी, म्हणजे मूल पहिलीत असताना, दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे कायमची पहिली दाढ उगवते. वर दोन, खाली दोन. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, त्यामुळे ती आल्याचं घरात कळतच नाही. कळलं तरी आई म्हणते, "दुधाचीच असेल, पडंल की." ती पडायची नसते, जन्मभर वापरायची असते. तिच्यावरच्या खाचा खोल असतात, ती अगदी मागे असते, उगवताना अर्धी हिरडीखाली असते, आणि ब्रश तिथपर्यंत पोचायच्या आतच मूल थकतं. म्हणून कायमच्या दातांपैकी लहानपणी किडते ती बहुधा हीच. तिसऱ्या कडव्याच्या शेवटी "सुटून गेला सांगा कोण?" असं विचारून मी थांबते. मुलं तोंडात बोट घालून मागे चाचपतात, आणि मग चौथं कडवं सुरू होतं. शिबिराला येणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा की तपासताना ही दाढ मुलाला आरशात दाखवा. खाचा खोल असतील तर त्या बुजवणारा पातळ लेप, म्हणजे सीलंट, लावता येतो का हेही पालकांसमोरच विचारून घ्या.

आता म्हणायची पद्धत. ब्रश तोंडात असताना कुणालाही गाता येत नाही हे कवितांच्या नादात आपण विसरतो. एका मुलानं तोंडात फेस घेऊनच मला विचारलं होतं, "बाई, म्हणू कसं?" म्हणून वर्गाचे दोन भाग करायचे. एक भाग म्हणणार, दुसरा घासणार, मग अदलाबदल. नली-कलीच्या वर्गात पहिली ते तिसरीची मुलं एकत्र बसतात, तिथे हे सोपं जातं, कारण तिसरीची मुलं म्हणतात आणि पहिलीची घासतात. शिबिराच्या दिवशी पेस्ट न लावता कोरडा ब्रश चालतो. घरी म्हणायचं काम ताई, आई किंवा आजीचं.

लयीचा हिशेब असा. प्रत्येक ओळीत सोळा मात्रा आहेत, फक्त "दोन" आणि "कोण" ने संपणाऱ्या दोन ओळींत शेवटचा सूर लांबवायचा. ओळीला चार टाळ्या घाला आणि एक ओळ तीन सेकंदांत म्हणा, म्हणजे एक कडवं बारा सेकंदांचं होतं. पहिलं कडवं पेस्ट घेण्याआधी आणि पाचवं थुंकल्यावर. मधली तीन कडवी म्हणजे छत्तीस सेकंदांची एक फेरी. अशा तीन फेऱ्या करायच्या. पहिल्या फेरीला म्हणणाऱ्यानं ओरडायचं "बाहेरून!", म्हणजे गालाच्या आणि ओठाच्या बाजूनं. दुसरीला "आतून!", म्हणजे जीभ लागते त्या बाजूनं. तिसरीला "चावायची बाजू!", इथे मात्र ब्रश पुढे-मागे चालवायचा, गोल नाही. तीन फेऱ्यांचे एकशे आठ सेकंद आणि मधल्या ओरड्यांचे थोडे धरले की दोन मिनिटं भरतात.

हे बिघडतं कुठे, तर वेगात. मुलं दुसऱ्या फेरीपासून पळायला लागतात आणि ओळ दोन सेकंदांवर येते. मग सगळं मिळून दीड मिनिटात आटपतं, आणि आतली बाजू ब्रश न लागताच राहते. म्हणून टाळ्या मुलांवर सोडू नका. शिक्षकांनी बाकावर डस्टरनं ठोका द्यावा आणि समोर सेकंदकाट्याचं घड्याळ ठेवावं. दोनदा घड्याळ लावून म्हटलं की चाल अंगात बसते.

पेस्टचं आणि चुळांचं थोडं सांगते, कारण पालक तेच विचारतात. जाहिरातीत ब्रशभर लांब पट्टी दाखवतात, तेवढी लागत नाही. तीन वर्षांच्या पुढच्या मुलाला वाटाण्याएवढी पुरते. घरात त्याहून लहान भावंड असेल तर तांदळाच्या दाण्याएवढी. ट्यूबवर फ्लोराइड लिहिलेलं आहे का बघा, साधारण १००० पीपीएम असावं. घासून झालं की फेस नीट थुंकायचा, पण भराभर चुळा भरायच्या नाहीत, कारण दातांवर राहिलेलं थोडं फ्लोराइडच रात्रभर काम करतं. "चुळा कशाला हव्यात बारा" ही ओळ त्यासाठी आहे. आपल्याकडे खळखळून चूळ भरल्याशिवाय तोंड धुतल्यासारखं वाटत नाही, त्यामुळे या ओळीवर आज्या हमखास वाद घालतात. घालू द्यात.

आमच्या भागात आणखी एक अडचण आहे, मिश्रीची. निपाणीच्या आसपास तंबाखू घराघरात आलेला, आणि आजी मिश्री लावत असली तर नातही बोट बुडवून बघते. ही भाजलेली तंबाखूच, तिनं दात स्वच्छ होत नाहीत आणि सवय मात्र लागते. पण कवितेत मी तिचं नाव घेतलेलं नाही. पोरं ते कडवं घरी जाऊन आजीच्या तोंडावर म्हणणार, मग आजी कविताच बंद पाडणार. ते डॉक्टरांनी पालकांना बाजूला घेऊन सांगावं.

सात-आठ वर्षांपर्यंत मुलाच्या हातात ब्रश नीट वळवायचा सराईतपणा नसतो. पहिली-दुसरीच्या पालकांना स्पष्ट सांगा की मूल घासू दे, पण रात्री शेवटचा हात तुम्ही फिरवा. मुलाच्या मागे उभं राहून त्याचं डोकं आपल्या पोटाशी टेकवलं की मागची दाढ चांगली दिसते.

शिबिरानंतर पंधरा दिवसांनी कविता लागली का ते बघायचं असेल, तर "दोनदा घासतोस काय रे?" असं विचारू नका. सगळा वर्ग "होऽऽय!" म्हणतो. त्याऐवजी एकेकाला हळूच विचारा, "काल घासल्यावर काय खाल्लंस?" दूध-बिस्किट, चॉकलेट, खरं काय ते लगेच बाहेर येतं. दुसरं, कोरडा ब्रश देऊन "दाखव बघू" म्हणा. ज्याचा हात समोरच्या चार दातांवरच नाचतो, त्याला चाल पाठ झालीय, घासणं नाही. त्याला परत फेऱ्यांना बसवा.

तुमच्या गावात कुंदा फारसा येत नसेल तर ती ओळ बदला, पण शेवटच्या तुकड्याच्या आठ मात्रा सांभाळा. "झाका वाटी त्या लाडूंची" चालेल, "झाका बरणी त्या गोळ्यांची" हीही चालेल. ऊसपट्ट्यातली मुलं काकवी सुचवतील, ती मात्र मात्रांत बसत नाही. आणि वेळ कमी पडला तर पहिलं कडवं गाळा, चौथं नको.