पत्र लिहिलंत ताई, पण वेळ कुठली?

"माझा मुलगा हिंजवडीतली नोकरी सोडून इंटिरिअरचा बिझनेस टाकतोय. त्याआधी मी त्याला पत्र लिहिलंय, त्याच्या पत्रिकेतली बळं समजावून सांगणारं. सिंह लग्न, दशमेश शुक्र लाभात, गुरू पंचमात स्वगृही, म्हणून पैसा येणारच, लोनला घाबरू नकोस असं लिहिलंय. जन्म पुण्यातलाच, १० ऑगस्ट १९९६, वेळ सासूबाई म्हणायच्या सकाळी पावणेसातच्या आसपास, गुरुजींनी ६:५० धरली. हे म्हणतात देऊ नकोस, तो हसेल. देऊ का?" — कोथरूडहून एक आई

अहो ताई, तो हसेल की नाही ते राहू द्या, मला त्या "आसपास"नेच घाम फुटला. त्या दिवशी पुण्यात पावणेसातच्या सुमारासच कर्क लग्न संपून सिंह लागतं. म्हणजे ६:५० धरली तर सिंह, अगदी पहिल्या-दुसऱ्या अंशावर, आणि बाळ ६:४० ला झालं असेल तर सरळ कर्क. ग्रह तिथेच राहतात, रास तीच राहते, पण घरं सगळी एकेक सरकतात.

आता तुमचंच पत्र कर्क लग्न धरून वाचा. शुक्र मिथुनेतच आहे, पण मिथुन आता बारावं, म्हणजे व्ययस्थान, आणि शुक्र दशमेश राहत नाही, चौथ्या आणि अकराव्याचा स्वामी होतो. लाभेश व्ययात! गुरू धनूतच, स्वगृहीच, पण ते घर पाचवं नाही तर सहावं, आणि सहाव्यावरून कर्ज, स्पर्धक, हाताखालची माणसं बघतात. म्हणजे ज्या दोन ग्रहांच्या जोरावर तुम्ही पोराला लोन घे म्हणताय तेच दोघं खर्चाच्या आणि कर्जाच्या घरात जाऊन बसले, दहा मिनिटांत. (गुरुजींनी हे बोलून दाखवायला हवं होतं, लग्न संधीवर आहे हे अंश बघितल्यावर लगेच कळतं.)

तर पत्र आत्ता द्यायचं नाही. आधी माळ्यावरची फाइल काढा आणि बाळंतपणाचं डिस्चार्ज कार्ड किंवा केसपेपर शोधा. महापालिकेच्या दाखल्यावर सहसा तारीखच असते, वेळ नसते, तिथे फेरी मारू नका. घरी नाही मिळालं तर हॉस्पिटलात जाऊन लेबर रूमचं जुनं रजिस्टर आहे का विचारा. आणि त्यात सुद्धा नेमकं ६:४५ असंच लिहिलेलं निघालं तर ते बहुतेक कुणीतरी घड्याळ बघून गोल केलेलं असणार, त्यावर लग्न ठरवू नका, मग पत्रात घरांबद्दल एक ओळही नको, गुरू स्वगृही आहे एवढंच लिहा, ते दोन्हीकडे खरं आहे.

लोनचं वाक्य मात्र आजच खोडा, वेळ कुठलीही निघो. हप्ता किती बसतो आणि पहिलं वर्षभर गिऱ्हाईक नसलं तर तो कुठून भरणार हे तुम्ही त्याला विचारलंत का? तुमच्या पत्रात तरी कुठे दिसलं नाही.