पन्नास संदर्भांसाठी झोटेरो, मेंडेली की साधी एक्सेल शीट?

प्रश्न: सांगलीत एम.ए. करतेय, हळदीच्या बाजारपेठेवर प्रबंध आहे. पन्नासेक संदर्भ आहेत, निम्मे मराठी. झोटेरो, मेंडेली की एक्सेल?

उत्तर: झोटेरो घ्या. झोटेरो आणि मेंडेली ही संदर्भ साठवून लिखाणात उल्लेख आणि सूची टाकून देणारी सॉफ्टवेअर आहेत. एक्सेलमध्ये यादी नीट राहते, पण प्रबंधात मधेच एक संदर्भ वाढला की मजकुरातले उल्लेख आणि शेवटची सूची हातानेच जुळवावी लागते. मेंडेलीही मोफत आहे, मात्र तिचं उल्लेख टाकायचं साधन वर्डपुरतंच आहे. झोटेरो वर्डमध्ये चालतं, लिब्रेऑफिसमध्येही.

इंग्रजी लेखाचा डीओआय, म्हणजे त्याचा ऑनलाइन ओळख क्रमांक, झोटेरोत टाकला की बहुतेक माहिती आपोआप भरते. जुन्या मराठी पुस्तकांना बऱ्याचदा आयएसबीएनच नसतो, ती हातानेच भरा. खरी गोची इथेच होते. समजा, लेखक ‘महाराष्ट्र शासन’ आहे. झोटेरो त्याला माणूस समजून आडनाव आणि नाव असे दोन रकाने देतं. तुम्ही ‘शासन’ आणि ‘महाराष्ट्र’ असं भरलंत, तर एपीए शैलीच्या सूचीत ‘शासन, म.’ असं काहीतरी छापून येतं! लेखकाच्या ओळीतल्या छोट्या बटणाने दोन रकान्यांचा एक करा आणि पूर्ण नाव त्यात लिहा. बाजार समितीच्या अहवालांनाही हेच करा.

पहिले पाच संदर्भ भरले की वर्डमध्ये सूची काढून बघा. आडनावाच्या जागी नाव आलं असेल, तर पुढचे पंचेचाळीस भरायच्या आधी लक्षात येईल. दुरुस्ती मात्र झोटेरोतच करा. वर्डमधली सूची हाताने बदललीत, तर पुढच्या रिफ्रेशला ती दुरुस्ती पुसली जाऊ शकते.