बोर्ड गेमचं रूलबुक मराठीत करताना: पाळी, फेरी आणि आडवा पत्ता

"इंग्रजी गेमच्या रूलबुकचं एक पान मराठीत करतोय. टर्न आणि राउंड दोन्हीला डाव लिहिलं तर चालेल का? आणि गेमचे स्वतःचे शब्द बदलायचे की तसेच ठेवायचे?"

नाही चालणार भाऊ. समजा पानावर आहे की ५ राउंडनंतर गेम संपतो आणि चौघं खेळताय, म्हणजे एकूण २० टर्न. तू लिहिलं "५ डावांनंतर खेळ संपतो", तर पहिल्याच्या दोन चाली होतील, बाकीच्यांची एकेक, आणि खेळ बंद. शिवाय आपल्याकडे पत्ते खेळताना डाव म्हणजे अख्खा एक गेम, आणि "डाव डावीकडे जातो" हे वाचायलाही अडखळतं. मी टर्नला पाळी, राउंडला फेरी आणि पाळीच्या आतल्या भागाला टप्पा लिहितो, डाव शब्द पूर्ण टाळतो.

गेमच्या शब्दांचं सांगतो. भुसावळला भाच्यांसाठी एक पान केलं होतं, त्यात एक्झॉस्ट होतं, मी लिहिलं "पत्ता संपवा". भाच्याने पत्ता सरळ टाकलेल्या गड्डीत ठेवला. विचारलं तर म्हणे, "मामा, पत्ता संपना ना, मंग टाकी दिधा." त्याचं बरोबर होतं. त्या गेममध्ये एक्झॉस्ट म्हणजे पत्ता समोरच ठेवून आडवा करायचा, या फेरीत परत वापरायचा नाही, पुढच्या फेरीला उभा करायचा. तेव्हापासून मी हाताने जे करायचं तेच नाव देतो, "आडवा करा", "उभा करा", आणि "टाका" फक्त गड्डीत टाकण्यासाठीच राखून ठेवतो, दुसरीकडे कुठेच वापरत नाही.

पत्त्याचं नाव असेल तर विभक्ती लावून बघ. वॉर्डनला पहारेकरी केलं की पहारेकऱ्याला, पहारेकऱ्यांनी असं होतं, आणि लहान पोरगं पत्त्यावरच्या "पहारेकरी"शी ते जुळवत बसतं. रखवालदार घेतलं तर रखवालदाराला, रखवालदारांनी, मूळ शब्द तसाच दिसतो. पण पत्त्यांवर इंग्रजीच छापलेलं राहणार असेल तर वॉर्डनच ठेव, देवनागरीत, आणि पहिल्यांदा येतो तिथे त्या पत्त्याचं चित्र कसं आहे ते सांग, म्हणजे इंग्रजी न वाचणाऱ्यालाही सापडेल.

मांडणीत इंग्रजी वाक्याचा क्रम धरू नको, हाताचा धर. "पुराचे पत्ते मिसळा, प्रत्येकाला ४ पत्ते वाटल्यानंतर" असं लिहिलं की वाचणारा अर्ध्या वाक्यावरच पिसायला घेतो, मग पूर पहिल्याच हातात येतो आणि गेम सुरुवातीलाच बिघडतो. "पुराचे पत्ते बाजूला काढा. बाकीच्यातून प्रत्येकाला ४ वाटा. मग पुराचे पत्ते उरलेल्या गड्डीत मिसळून पिसा." तीन कामं, तीन वाक्यं.

पान झालं की ज्याने गेम पाहिलेलाच नाही अशा कोणाला दे, शेजारी बस आणि बोलू नको. त्याचा हात जिथे थांबेल किंवा तो वर तुझ्याकडे बघेल, तिथे पेन्सिलीने खूण कर.