व्हायरलनंतर वास गेला असेल तर चार बाटल्यांचा सराव कसा करायचा

प्रश्न: व्हायरल ताप जाऊन दोन महिने होत आले, सर्दी पण नाही, तरी कशाचाच वास येत नाहीये. रोज ठराविक वास हुंगले की परत येतो म्हणतात, खरंय का? आणि करायचं नेमकं कसं?

उत्तर:

खरंय, पण हळू. माझा गेला होता तेव्हा ईएनटी डॉक्टरांनी हेच करायला लावलं. आधी एकदा त्यांना नाक दाखवा, आत पॉलिप किंवा सूज असेल तर त्याची ट्रीटमेंट वेगळी असते. व्हायरसने नाकाच्या वरच्या टोकाला असलेलं वास ओळखणारं अस्तर खराब होतं, तिथल्या पेशी नव्याने तयार होऊ शकतात, पण त्यांची मेंदूशी जोडणी परत नीट बसायला वेळ लागतो. सराव त्यासाठी असतो. जर्मनीत ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांच्या टीमने २००९ मध्ये गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी हे चार वास घेऊन हा प्रयोग छापला, दिवसातून दोनदा, १२ आठवडे, आणि सराव करणाऱ्यांमध्ये फरक दिसला. हेच चार का, तर एक फुलाचा, एक फळाचा, एक मसाल्याचा आणि एक राळेसारखा, म्हणजे चार वेगळ्या जातीचे.

काचेच्या चार छोट्या झाकणाच्या बाटल्या घ्या, प्रत्येकीत कापसाचा बोळा, त्यावर त्या त्या इसेन्शियल ऑइलचे थोडे थेंब. तेल नाकाला लावायचं नाही, गरम करायचं नाही, पोटात तर अजिबात नाही. सकाळी आणि रात्री एकेक बाटली नाकापासून थोडी लांब धरून वीसेक सेकंद हलके हलके छोटे श्वास घ्यायचे, मग अर्धा मिनिट थांबून पुढची. जोरात ओढून काही फायदा नाही, उलट झणझणतं तेवढंच. आणि मोबाईल बाजूला ठेवून करा, लवंग हुंगताना लवंग कशी लागायची ते मुद्दाम आठवायचं, ती जिभेवर कशी बधिर करायची वगैरे. काहीच आलं नाही तरी पूर्ण वेळ हुंगायचं. महिनाभराने बोळे बदला, तेल उडून गेलं की आपल्याला वाटतं नाकच बिघडलंय.

आता एक गोष्ट जी मला कोणी आधी सांगितली नव्हती. पहिल्याच आठवड्यात मला निलगिरी 'कळायला' लागली आणि मी खूश, पण तो वास नव्हताच, तो गारवा होता. नाकातला गारवा, झोंबणं, चुरचुरणं हे चेहऱ्याच्या दुसऱ्याच नसेमुळे कळतं, ती वासाच्या नसेपेक्षा वेगळी असते आणि बहुतेकदा शाबूत राहते. म्हणून खरी प्रगती बघायला मी लेबलं बाटलीच्या बुडाला चिकटवली आणि मी डोळे मिटून बसायचो, बाटल्या बहिणीला द्यायला सांगायचो, क्रम तिने हवा तसा बदलायचा. निलगिरी दर वेळी बरोबर यायची, ती मोजायची नाही. लिंबू आणि गुलाब मी बराच काळ फक्त ठोकून देत होतो, पण लवंग एक दिवस अंदाज न करता ओळखली आणि पुढच्या वेळी परत ओळखली, तिथे मी वहीत पहिली टिक केली. ही चाचणी रोज नको, दोन-तीन आठवड्यांनी एकदा पुरे, रोज केली तर फक्त वैताग येतो.

आणि हे नक्की लक्षात ठेवा, की वास परत येताना बऱ्याच जणांना वाकडा येतो. कॉफी, कांदा, लसूण, भाजलेलं मांस यांचा एकदम जळका किंवा सडका वास यायला लागतो, माझी कॉफी तर जळक्या रबरासारखी झाली होती, आणि वाटतं की आता अजूनच बिघडलं. याला पॅरॉस्मिया म्हणतात आणि नव्या जोडण्या अर्धवट बसल्यावर हे होतं असं मानतात, म्हणजे नसा काहीतरी करतायत. चारपैकी एखादा वास असा घाण झाला असेल तर ती बाटली काही दिवस बाजूला ठेवा, बाकी तीन चालू द्या. खाणं सुटायला लागलं तर मात्र डॉक्टरांना सांगा.

तोवर गॅस गळतीचा अलार्म लावून घ्या, आणि शिळं अन्न वासाने नाही तर तारीख बघून ठरवा. घरात दुसऱ्या कोणाचं नाक धड असेल तर दूध त्याच्याकडून हुंगून घ्या, हसतात ते हसू दे.

१२ आठवड्यांनी फारसं काही झालं नाही तरी सोडू नका, तेव्हा चारही वास बदलून नवा सेट घ्यायचा आणि अजून १२ आठवडे. काहींना वर्ष लागतं, काहींचा थोडाच परततो, आणि काहींचा सरावाशिवायही आपोआप येतो, त्यामुळे कोणाचा किती येईल हे आधी कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. आणि वास एकाच नाकपुडीतून गेला असेल, डोक्याला मार लागल्यावर गेला असेल, किंवा सर्दी-ताप काही नसताना हळूहळू कमी झाला असेल तर बाटल्यांच्या भरवशावर बसू नका, ती केस वेगळी आहे.