‘सहा सपाट चमचे साखर’ माइकवर का अडखळते

प्रश्न: आशाताईंच्या मदतीने जुलाबावर दोन मिनिटांचा ऑडिओ करतेय. व्हॉट्सॲपवर जाईल आणि ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरही लागेल. मजकूर डॉक्टरांनी तपासलाय, बरोबर आहे. पण एका वाक्यावर माझी जीभ दर वेळी अडखळते, आणि ऐकणाऱ्या एका बाईंनी चक्क ‘सहा-सात चमचे साखर’ असं सांगितलं. वाक्य असं: ‘एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ पूर्णपणे विरघळवून ते वारंवार पाजावे व २४ तासांनंतर उरलेले देऊ नये.’ काय बदलू?

उत्तर:

त्या बाईंचं काहीच चुकलेलं नाही. ‘सहा सपाट’ भरभर म्हणून बघा. ‘सपाट’मधला ‘प’ म्हणजे ओठ क्षणभर मिटतात, एवढंच. भोंग्यावर तो क्षण सगळ्यात आधी हरवतो. उरतं ‘सहा सा..ट चमचे’. आता मराठी माणसाच्या कानाला ‘सहा-सात’ ही जोडी इतकी सवयीची आहे की अर्धवट आवाज आला की कान ती स्वतःच पूर्ण करतो. आणि ‘सहा-सात’ म्हणजे आपल्याकडे ‘अंदाजे’. ज्या कृतीत माप चुकवायचं नाही, तिथे तुमच्या वाक्याने अंदाजाची परवानगी दिली. साखर जास्त झाली तर जुलाब वाढतात, मीठ जास्त झालं तर बाळाच्या जिवाशी खेळ. म्हणून या एका ओळीवर वेळ घालवणं योग्यच आहे.

आधी जीभ का अडखळते ते बघू. लिहिताना ‘च’ एकच, पण बोलताना मराठीत दोन आहेत: ‘चहा’तला टाळूचा आणि ‘चमचा’तला दातांचा, ज्यात ‘त्स’ची झाक असते. ‘चहाचे’ मध्ये दोन्ही टाळूचे. मग ‘सहा सपाट’चे दोन ‘स’. मग ‘चमचे’: पहिला ‘च’ दातांचा आणि ‘ए’ लागल्यामुळे दुसरा टाळूचा. लगेच ‘साखर’चा ‘स’. म्हणजे पाच शब्दांत जीभ टाळू आणि दात यांच्यामध्ये येरझाऱ्या घालते, आणि दातांचा ‘च’ मुळातच ‘स’चा शेजारी असल्याने तिथे घसरते. हा सरावाचा प्रश्न नाही. रोज माइकवर बोलणारा निवेदकही इथे वेग कमी करेल. ओळ मोडा, सराव नको.

मोडायची कशी? ‘चहाचा चमचा’ हे नाव काढून त्याची ओळख द्या: ‘छोटा चमचा घ्या, चहात साखर ढवळतो तो.’ दोन ‘च’ अजूनही आहेत, पण आता मध्ये मोकळी जागा आहे. ‘सपाट’ तर पूर्ण काढा. विशेषण ऐकून कोणी चमचा सपाट करत नाही. कृती सांगितली की करतात: ‘चमचा भरा, वरचा ढीग काढून टाका.’

आता ‘सहा’. मराठीत ऐकताना सगळ्यात जास्त घोळ घालणाऱ्या जोड्यांमध्ये ‘सहा’ आणि ‘दहा’ ही जोडी पहिल्या रांगेत. ‘स’ची ताकद वरच्या, तीक्ष्ण आवाजात असते, साधारण ४००० हर्ट्झच्या पुढे. जुन्या टेलिफोनची वाहिनी ३४०० हर्ट्झच्या आसपास संपायची, म्हणून फोनवर माणसं ‘सहा, सिक्स, सिक्स’ करत बसायची. भोंगा आणि स्वस्त मोबाइलचा स्पीकर त्याच जातीचे. ‘स’ गेला की उरतं ‘..हा’, आणि पुढचं ऐकणाऱ्याच्या नशिबावर. ‘सात’ आणि ‘साठ’, ‘आठ’ आणि ‘साठ’, ‘सतरा’ आणि ‘सत्तर’, ‘पासष्ट’ आणि ‘सहासष्ट’ या जोड्याही असाच घोळ घालतात. (२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला ‘वीस एक’ म्हणायची पद्धत आली तेव्हा केवढी थट्टा झाली होती. वर्गातलं मला कळत नाही, पण भोंग्यावर मी ‘सहासष्ट, म्हणजे साठ आणि सहा’ असं खुशाल बोलते.)

‘सहा’ला पर्याय म्हणून तुम्हाला ‘अर्धा डझन’ सुचेल. तो नको, कारण पुढच्याच ओळीत मिठाचा ‘अर्धा’ येतोय आणि दोन ‘अर्धे’ एकमेकांत मिसळतील. ‘दहा नव्हे, सहा’ हेही नको. चुकीचा आकडा एकदा कानात गेला की तोच लक्षात राहतो. त्याऐवजी ऑडिओला जे जमतं आणि कागदाला जमत नाही ते करा: मोठ्याने मोजा. ‘एक... दोन... तीन... चार... पाच... सहा.’ क्रमाने आलेला सहा कोणी दहा ऐकत नाही. सात-आठ सेकंद जातात, जाऊ द्या.

संहितेत ‘६’ आणि ‘२४’ असे आकडे ठेवू नका, अक्षरात लिहा. वाचणाऱ्याचा डोळा आकड्यावर ठेचकाळतो आणि आवाजात नको तिथे खाच पडते.

‘साखर व अर्धा’ ही माझी आवडती जागा. न थांबता वाचा: ‘साखर वर्धा चमचा’. विदर्भात लावलात तर लोक हसतील तरी. इतरत्र ‘अर्धा’च गायब होईल आणि ‘चमचा मीठ’ उरेल. बोलायच्या मजकुरात ‘व’ हे उभयान्वयी अव्यय वापरूच नये. ते शेजारच्या शब्दाला चिकटतं. ‘आणि’ लिहा, किंवा इथे तर वाक्यच तोडा. साखर एका वाक्यात, मीठ दुसऱ्यात, मध्ये पूर्ण श्वास. गावात दोन भोंगे असतील तर दोन्हींचा आवाज पुढे-मागे पोचतो आणि वाक्याची शेपटी पुढच्या वाक्याच्या डोक्यावर बसते. तो श्वास तिथे फार कामाला येतो.

आता शेवटचं ‘देऊ नये’. मराठीत नकार वाक्याच्या टोकाला बसतो, आणि टोकालाच बोलणाऱ्याचा श्वास संपलेला असतो. ‘उरलेले देऊ..’ इथपर्यंत आवाज भरलेला, ‘नये’ पुटपुटल्यासारखं. अर्थ बरोबर उलटा. ‘उरलेले टाकून द्यावे’ हा बदल कुणी सुचवेल. त्यातही ‘द्यावे’ आहेच. ‘ओतून टाका’ म्हणा: नकार नाही, ‘देणे’ नाही, हाताने करायची कृती आहे. जिथे नकार टाळताच येत नाही तिथे तो सुटा आणि आधी आणा: ‘एक गोष्ट करू नका.’ थांबा. मग गोष्ट सांगा.

‘२४ तासांनंतर’ला तर घड्याळ लागतं. ‘उद्या याच वेळेपर्यंत चालतं’ हे कुणालाही कळतं. याच ओघात एक: ऑडिओत लसीकरणाची वगैरे तारीख सांगणार असाल तर ‘परवा’ हा शब्द बंद. तो झालेला दिवसही असतो आणि येणाराही, आणि कोणता ते वाक्याच्या शेवटच्या क्रियापदापर्यंत कळत नाही. शिवाय व्हॉट्सॲपचा ऑडिओ कोण कधी ऐकेल सांगता येत नाही. वार आणि तारीख, दोन्ही.

‘ते वारंवार पाजावे’ मधलं ‘ते’ नेमकं काय? कागदावर डोळा मागे जाऊन शोधतो, कान मागे जाऊ शकत नाही. तुमच्या बाकीच्या संहितेतही हे तपासा. ‘आई मुलीला घेऊन आली तेव्हा तिला ताप होता’ यात ताप कोणाला? बोलताना नाम पुन्हा म्हणणं हा दोष नाही. ‘उकळून... विरघळवून’ ही ‘ऊन’ची साखळीही तोडा. तिच्यात क्रम हरवतो, आणि साखर-मीठ घालून मग पाणी उकळणारे लोक निघतात.

सगळं लावून तुमची ओळ अशी होईल:

‘एक लिटर पाणी उकळा. झाकून ठेवा, थंड होऊ द्या.
आता छोटा चमचा घ्या, चहात साखर ढवळतो तो.
चमचाभर साखर घ्या, वरचा ढीग काढून टाका, आणि पाण्यात घाला. माझ्याबरोबर मोजा. एक... दोन... तीन... चार... पाच... सहा. साखर झाली.
आता मीठ. मीठ अर्धाच चमचा.
साखर आणि मीठ पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा.
हे पाणी बाळाला घोट घोट पाजत राहा.
हे पाणी उद्या याच वेळेपर्यंत चालतं. मग उरलेलं ओतून टाका आणि नवीन करा.’

लांबी जवळजवळ तिप्पट झाली. दोन मिनिटांत बसत नसेल तर प्रास्ताविक कापा, हे नको. आणि ओआरएसची पुडी मिळाली तर तीच वापरा, हे वाक्य डॉक्टरांना विचारून आधी घाला. घरचं माप ही पुडी नसतानाची सोय आहे.

माइकबद्दल थोडंच. ‘प, फ, ब, भ’ म्हणताना तोंडातून हवेचा झोत निघतो. तळहात ओठांसमोर धरून आधी ‘मळ’ आणि मग ‘फळ’ म्हणा, फरक हाताला कळेल. तुमच्या मजकुरात ‘पाणी’, ‘बाळ’, ‘पाजा’ भरपूर आहेत आणि त्यांना पर्याय नाही. म्हणून माइक तोंडाच्या अगदी समोर न ठेवता थोडा बाजूला, साधारण वीतभर अंतरावर धरा. शिवाय श्वास घेतल्या घेतल्या ‘पाणी’ने वाक्य सुरू केलंत तर झोत सगळ्यात मोठा असतो. वरती ‘एक लिटर पाणी’, ‘हे पाणी’ असं केलंय ते त्यासाठीही.

वाचायच्या प्रतीत दातांच्या ‘च’, ‘ज’खाली पेन्सिलीने टिंब द्या. ‘जरा’, ‘जग’, ‘चार’ असे शब्द दोन्ही उच्चारांनी वेगवेगळे अर्थ देतात: गुरांना चारा घालताना ‘चार’ दातांचा, आकडा टाळूचा. ऐन रेकॉर्डिंगला विचार करायला वेळ नसतो.

शेवटी चाचणी. ज्यांनी संहिता वाचलेली नाही अशा बाईंना स्वयंपाकघरात, कुकर चालू असताना, साध्या मोबाइलवर एकदाच ऐकवा. ‘कळलं का?’ विचारू नका, सगळ्या ‘हो’ म्हणतात. समोर पाणी, साखर, मीठ आणि दोन-तीन मापांचे चमचे ठेवा आणि करून दाखवायला सांगा. कोणता चमचा उचलला, ढीग काढला का, कितीदा घातला आणि मिठाला हात कुठे थबकला, हे गुपचूप लिहून घ्या. जिथे दोघी एकाच जागी थबकल्या ती ओळ इथे टाका, बघू.